डोळ्याखालचे पांढरे दाणे आणि रात्रीचा जाड थर

*"डॉक्टर, माझं वय ३६. गेल्या चार-पाच महिन्यांत दोन्ही डोळ्यांखाली बारीक, पांढरे, कडक दाणे आलेत. मोजले तर नऊ आहेत, त्यातला एक वरच्या पापणीवर. दुखत नाहीत, खाजत नाहीत, फक्त बोटाला वाळूच्या कणासारखे लागतात. हे सुरू व्हायच्या महिनाभर आधी मी एक महागातलं आय क्रीम आणलं होतं, ते सकाळ-संध्याकाळ लावते. डोळ्याखाली बारीक रेषा दिसायला लागल्यात म्हणून रात्री त्याच्यावर पेट्रोलियम जेलीचा थर देते. मेकअप क्लेन्झिंग बामने काढते. दाणे दिसल्यावर वाटलं कोरडेपणामुळे असेल, म्हणून क्रीम वाढवलं. मग वाटलं आत घाण अडकलीये, म्हणून स्क्रब केलं. परवा सुईने एक फोडायला गेले तर रक्त आलं, पांढरं काही बाहेर आलंच नाही, आता तिथे लाल डाग आहे. मोठ्या जाऊबाई म्हणतात हे कोलेस्टेरॉल आहे, रक्त तपासून घे. आणि क्रीमच्या डब्यावर तर नॉन-कॉमेडोजेनिक लिहिलंय, मग दोष क्रीमचा कसा असेल? काय करू?"*

सुई आधी कपाटात ठेवा, बाकीचं नंतर बोलू. लाल डागाला सध्या काहीही चोळू नका, खपली धरली असेल तर ती आपणहून पडू दे, आणि उन्हात जाताना गॉगल घाला, नाहीतर तो डाग तपकिरी होऊन दाण्यापेक्षा जास्त दिवस मुक्काम करेल. आणि एक गोष्ट सांगते जी ऐकून तुम्हाला हसू येईल की राग ते माहीत नाही: कातडीला जखम होऊन ती भरून येताना त्या जागी असाच नवीन दाणा तयार होऊ शकतो. भाजल्यावर, फोड येऊन गेल्यावर, जोरात घासल्यावर असे दाणे आलेले आम्ही नेहमी बघतो. त्यामुळे स्क्रब पण बंद.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे मिलिया वाटतात. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही, पण एक-दीड मिलिमीटरचे, पांढरे, गोल, कडक, न दुखणारे, डोळ्याभोवती, हे वर्णन जवळपास पाठ्यपुस्तकातलंच आहे. खसखशीपासून मोहरीपर्यंत, त्याहून मोठे सहसा नसतात.

आता सुईने पांढरं का आलं नाही ते बघू, कारण त्यातच बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आहेत. मुरुमाला तोंड असतं, ते रोमछिद्रातून वर उघडतं, म्हणून दाबलं की काहीतरी बाहेर येतं. मिलियाला तोंडच नसतं. ती कातडीच्या वरच्या थरात अडकलेली चारही बाजूंनी बंद अशी एक इवलीशी पिशवी असते, आणि आत भरलेलं असतं केराटिन, म्हणजे आपली नखं, केस आणि कातडीचा सगळ्यात वरचा थर ज्याचा बनतो तेच. आत ना पू, ना तेल, ना घाण. पिशवीच्या आतल्या भिंतीवरच्या पेशी मरतात, गळतात, बाहेर जायला वाट नाही म्हणून आतच एकावर एक थर बसत जातात आणि त्याचा गच्च मणी होतो. तुम्ही सुई टोचली ती बहुतेक मण्याच्या बाजूने खोल गेली, म्हणून रक्त आलं आणि मणी जिथल्या तिथे राहिला. आरशात, एका हाताने पापणी ताणून, दुसऱ्या हाताने दीड मिलिमीटरच्या गोष्टीवर नेम धरायचा, तो चुकणारच.

आम्ही काढतो तेव्हा उजेड आणि भिंग दोन्ही असतं. निर्जंतुक बारीक सुईच्या नाहीतर पात्याच्या टोकाने दाण्यावरच्या कातडीला अगदी वरवर, आडवी, केसाएवढी चीर द्यायची, मग दोन्ही बाजूंनी हलकंसं दाबायचं की पांढरा मणी टुणकन बाहेर येतो. टिश्यूवर ठेवला तर गोल राहतो, बोटाने दाबला की मेणासारखा चपटा होतो. रक्त आलंच तर एखादा टिपूस. पेशंट मण्याकडे बघून पहिलं वाक्य हमखास हेच म्हणतात, "एवढंसंच होतं?" हो, एवढंसंच.

आता क्रीमकडे येऊ. तुमच्या पत्रात न लिहिलेलं एक गृहीतक मला दिसतंय की क्रीमचा दोष असेल तर क्रीम आत जाऊन साठलं असलं पाहिजे. खूप जणांना असंच वाटतं, म्हणून दाणा पांढरा, क्रीम पांढरं, लागला हिशोब. पण त्या मण्यात क्रीमचा कणही नसतो. क्रीम करत असेल ते वेगळंच काहीतरी, ते झाकण घालतं.

डोळ्याखालची कातडी साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची असते, शरीरातली सगळ्यात पातळ त्यातलीच, आणि तिच्यावर नीट बघितल्याशिवाय दिसत नाही अशी बारीक लव असते. मोठ्या माणसांत आपोआप येणारा मिलिया या लवेच्या मुळाशी, छिद्राच्या खालच्या भागात सुरू होतो असं मानतात. एरवी तिथल्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन वर येतात आणि चेहरा धुताना निघून जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. जाड, मेणचट थर तासन्‌तास बसून राहिला की या सुट्या झालेल्या पेशी जागीच चिकटून राहतात, छिद्राची वाट बुजते, आणि खाली पेशी तयार होणं तर थांबत नाही. मग एखाद्या ठिकाणी पिशवी बंद होते. वय वाढलं, ऊन खूप लागलेलं असलं की ही पेशी गळायची चाल तशीही मंदावते, म्हणून विशीत जे क्रीम चाललं ते पस्तिशीत त्रास देऊ शकतं.

इथे मी प्रामाणिकपणे सांगते, ही साखळी तर्काने पटते आणि दवाखान्यात आम्हाला दिसते, जाड आय क्रीम बंद केलं आणि नवीन दाणे यायचे थांबले असे पेशंट भेटतात, पण क्रीममुळेच मिलिया होतो असं पक्कं सिद्ध करणारा पुरावा तसा तोकडाच आहे. क्रीम कधी न लावणाऱ्यांनाही मिलिया होतो, नवजात बाळांत तर जवळपास निम्म्यांना असतो आणि काही आठवड्यांत आपोआप जातो, त्यांनी कुठे आय क्रीम लावलेलं असतं! म्हणून मी "क्रीमनेच केलं" असं म्हणणार नाही. मी म्हणेन, संशय घ्यायला जागा आहे आणि तो तपासणं फुकट आहे.

तुमचा रोजचा हिशोब मांडून बघा. संध्याकाळी मेकअप काढायला बाम, तो मुळातच तेल आणि मेणाचा, आणि डोळ्याजवळ आपण सगळे घाबरत घाबरत पुसतो त्यामुळे थोडा तिथे राहतोच. त्यावर आय क्रीम. त्यावर पेट्रोलियम जेली, जिचं कामच मुळी आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं हे आहे. असे सात-आठ तास. सकाळी उठून परत आय क्रीम, आणि मेकअप करत असाल तर त्यावर सनस्क्रीन आणि कन्सीलर. म्हणजे ती अर्ध्या मिलिमीटरची जागा चोवीस तासांत मोकळी कधी असते? तोंड धुतल्यानंतरची दहा मिनिटं. तुम्ही फक्त आय क्रीमकडे बोट दाखवताय, मला त्याच्यापेक्षा रात्रीच्या जेलीवर आणि अर्धवट पुसलेल्या बामवर जास्त संशय आहे, कारण एकटं क्रीम कदाचित चाललं असतं, तीन थर एकावर एक नाही चालले. आणि वरच्या पापणीवर तर मी लावतच नाही, तिथे कसा आला असं विचाराल, तर अंगाच्या उबेने जेली पातळ होते आणि रात्रभरात सरकत डोळ्याभोवती सगळीकडे जाते. सकाळी उठल्यावर डोळे चिकट किंवा धूसर वाटत असतील तर ती तीच.

डब्यावरच्या नॉन-कॉमेडोजेनिक शब्दाबद्दल. कॉमेडो म्हणजे मुरुमाची सुरुवात, तेलाने आणि मेलेल्या पेशींनी बुजलेलं छिद्र. ही चाचणी जुन्या काळी सशाच्या कानावर करायचे, नंतर माणसांच्या पाठीवर करायला लागले. पाठ! कुठे पाठीची जाड, तेलकट कातडी आणि कुठे पापणी. शिवाय सगळ्या कंपन्यांना बांधील असा एकच ठरलेला निकष नाही, आणि मिलिया हा प्रश्न त्या चाचणीत विचारलेलाच नसतो. तेव्हा तो शब्द खोटा आहे असं मी म्हणत नाही, तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. त्यापेक्षा डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. घटक जास्त प्रमाणापासून कमीकडे लिहिलेले असतात, त्यामुळे पहिले पाच-सहा बघितले तरी अंदाज येतो. त्यात पेट्रोलॅटम, लॅनोलिन, मिनरल ऑइल, मधमाशांचं मेण, शिया बटर, कोको बटर यातले दोन-तीन ओळीने बसलेले दिसले तर ते क्रीम जाड गटातलं. हे घटक वाईट नाहीत हां, फाटलेल्या टाचांना यांच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त डोळ्याखाली रोज रात्री नकोत, आणि ज्याला दाणे येतात त्याला तर नकोतच. घरी करायची एक अगदी साधी परीक्षा पण आहे: मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावा आणि वीस मिनिटांनी बोट फिरवा. बोट अजून घसरतंय, चकाकी तशीच आहे, म्हणजे ते मुरत नाही, वर बसतं.

मग करायचं काय. आठ आठवडे जेली बंद, आय क्रीम बंद, बाम बंद. मेकअप काढायला धुऊन निघणारं साधं क्लेन्झर किंवा मायसेलर वॉटर घ्या, कापूस डोळ्यावर दहा सेकंद नुसता धरून ठेवा, मग पुसा, घासायचं नाही, आणि नंतर पाण्याने धुवा. मायसेलर वॉटर पण धुवायचं, ते राहू द्यायचं नाही. कातडी ओढल्यासारखी वाटली तर चेहऱ्याला लावता तेच हलकं जेल किंवा लोशनसारखं मॉइश्चरायझर, दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढं. लावायची जागा चुकू नका: डोळ्याखाली बोटाला हाड लागतं ना, त्या हाडावर लावायचं, पापण्यांच्या केसांपर्यंत न्यायचं नाही. ते स्वतःहून वर थोडं सरकतंच.

पहिल्या दिवशी खिडकीसमोर, त्याच वेळी, त्याच बाजूने उजेड येईल असं उभं राहून फोटो काढा आणि दाणे कुठे कुठे आहेत ते लिहून ठेवा. मग दर दोन आठवड्यांनी तसाच फोटो. इथे बहुतेक जण चुकतात, ते रोज आरशात जुने दाणे गेले का ते बघतात, गेले नाहीत म्हणून तिसऱ्या आठवड्यात नाद सोडतात आणि परत क्रीम लावतात. जुन्या दाण्यांकडे बघूच नका. आत मणी तयार झालेला आहे, तो झाकण काढलं म्हणून विरघळणार नाही, काही आपोआप वर येऊन गळतात पण त्याला महिने लागतात आणि मोठ्या माणसांत काही वर्षभरही बसून राहतात. बघायचं ते एवढंच की नऊचे दहा झाले का. चार महिन्यांत नऊ म्हणजे महिन्याला साधारण दोन असा तुमचा वेग होता. आठ आठवड्यांत एकही नवीन नाही आला तर संशय बराच पक्का झाला. तरीही दोन-तीन नवीन आलेच तर क्रीमला उगीच फाशी देऊ नका, दुसरं कारण शोधावं लागेल. त्यातलं एक मी मुद्दाम विचारते, कारण लोक आपणहून सांगत नाहीत: काळी वर्तुळं जायला किंवा गोरेपणासाठी म्हणून कुणी दिलेलं क्रीम डोळ्याखाली लावलंय का? अशा क्रीममध्ये कधी कधी स्टेरॉइड असतं, ते बरेच दिवस लावलं तर कातडी अजून पातळ होते, मिलिया येऊ शकतो, आणि डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढायचा धोकाही असतो. असं काही असेल तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा, फक्त नाव आठवून सांगू नका.

आणि ज्यांना पापण्यांवर एक्झिमा आहे आणि त्यांच्या डॉक्टरांनीच पेट्रोलियम जेली लावायला सांगितलीये, त्यांनी हे वाचून ती बंद करू नये. तिथे फुटलेली कातडी सांभाळणं जास्त महत्त्वाचं, दोन दाणे परवडले.

रेटिनॉलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण इथे येईपर्यंत कुणीतरी सुचवलं असेलच. रेटिनॉल पेशी गळायची चाल वाढवतं, त्यामुळे नवीन दाणे कमी व्हायला त्याचा उपयोग होऊ शकतो. पण डोळ्याखाली ते सांभाळूनच, कमी ताकदीचं, आठवड्यातून दोन रात्री, हाडाच्या खालच्या बाजूला, पापणीवर कधीच नाही, आणि गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अजिबात नाही. माझं मत विचाराल तर आत्ता सुरू करू नका. एकीकडे तीन गोष्टी बंद करायच्या आणि दुसरीकडे एक नवीन सुरू करायची, मग फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. शिवाय परवाची जखम ताजी आहे, रेटिनॉल तिथे चांगलंच झोंबेल. आठ आठवड्यांनंतर बघू.

असलेले नऊ दाणे खुपत असतील तर ते काढून घेणं हा सरळ मार्ग, कातडीच्या डॉक्टरांकडे, पार्लरमध्ये नको. पार्लरमधल्या बाईंचा हात कितीही हलका असला तरी डोळ्याच्या इतक्या जवळ टोकदार वस्तू आणि निर्जंतुक करायची व्यवस्था हा मामला वेगळा आहे. नऊ दाण्यांना दहा-पंधरा मिनिटं पुरतात, बहुतेकांना भूल लागत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं. वरच्या पापणीचा अगदी काठावर, केसांच्या रांगेत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. नंतर चार-पाच दिवस बारीक खपली, मेकअप नाही, आणि ऊन टाळायचं कारण आपल्या सावळ्या कातडीला डाग लवकर धरतो. त्याच कारणासाठी लेझर किंवा कॉटरीने जाळून काढायचं कुणी सुचवलं तर आधी विचारा की नुसत्या सुईने का नको. न काढता तसेच ठेवले तरी काही बिघडत नाही, त्यांचं पुढे काही भयंकर होत नाही. हा पूर्णपणे तुमच्या आवडीचा प्रश्न आहे.

जाऊबाईंचं पूर्ण चुकलेलं नाही बरं का, त्या दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतायत. कोलेस्टेरॉलशी संबंध असतो तो झँथेलाझ्माचा. तो पिवळट असतो, चपटा किंवा किंचित उचललेला, मऊ, आणि बहुतेक वेळा पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पट्ट्यासारखा पसरतो. बोटाला वाळूसारखा लागत नाही. तो असेल तर रक्त तपासायलाच हवं, आणि गंमत म्हणजे तो असलेल्या बऱ्याच लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मलही निघतं. तुमचे दाणे पांढरे, गोल, कडक आणि सुटे आहेत, त्यांच्यासाठी रक्ततपासणीची गरज नाही. (वार्षिक तपासणी करायची राहिली असेल तर तेवढं निमित्त करून करा, त्यांचा मानही राहील.)

दुसरी नेहमी गल्लत होते ती सिरिंगोमाशी. हे पण डोळ्याखालीच, पुंजक्याने येतात, दोन्हीकडे सारखे, पण कातडीच्याच रंगाचे, पांढरे नाहीत, आणि सहसा वयात येताना किंवा विशीत सुरू होऊन वर्षानुवर्षं तसेच राहतात. ती घामाच्या नळ्यांची वाढ असते, आत मणी नसतोच, त्यामुळे चीर देऊन काही निघत नाही, नुसता व्रण राहतो. म्हणून कुणीही "काढून देतो" म्हणालं तरी आधी भिंगातून नीट बघून घेणारा माणूस हवा. आणि एखादा दाणा एकटाच वाढत चाललाय, मोत्यासारखा चकाकतोय, त्याच्यावर बारीक रक्तवाहिन्या दिसतायत, मधे खड्डा पडलाय, रक्त येतंय, खपली धरून परत उघडतोय, यातलं काहीही असेल तर आठ आठवडे थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

राहता राहिल्या त्या रेषा, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला. जेलीच्या थराखाली रेषा सकाळी कमी दिसतात हे खरं, कारण कातडी पाण्याने फुगलेली असते, दुपारपर्यंत ती मूळपदावर येते. तेवढ्यासाठी थर जाड असायची गरज नाही, हलक्या मॉइश्चरायझरनेही कातडी फुगते. रेषा वाढू नयेत म्हणून जे काम करतं ते म्हणजे सनस्क्रीन आणि गॉगल. डोळ्यात झोंबतं म्हणून सनस्क्रीन तिथे लावत नसाल तर झिंक ऑक्साइडवालं बघा, ते सहसा कमी झोंबतं, फक्त काठीसारखं मेणाचं येतं ते नको, नाहीतर आपण परत तिथेच आलो.

डबा अजून अर्धा असेल तर फेकू नका. रात्री टाचांना आणि कोपरांना लावून मोजे घाला, तिथे तो पैसे वसूल करेल. आठ आठवड्यांनंतर नववा का दहावा ते कळवा, आणि फोटो पाठवलात तर तो खिडकीतला पाठवा, बाथरूमच्या दिव्याखालचा नको, त्यात मला काहीच दिसत नाही.